रानवारचा पिवळा बोका

सकाळी ६
रानवारमधून फोन आला. तिसऱ्या मजल्यावरचा पिवळा बोका रात्री जाळीच्या फटीतून खाली पडला होता. आयुष्यात कधी जिना न उतरलेलं जनावर. त्याच्या मालकीणबाई थेट हिल रोडपर्यंत हाका मारत जाऊन आल्या होत्या. मी त्यांना आधी खिडकीच्या बरोबर खाली घेऊन गेले. घरातलं मांजर भेदरलं की पहिला आडोसा गाठतं आणि ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. हरवलेल्या मांजरांच्या २०१८ सालच्या एका अभ्यासात, सापडलेल्यांपैकी पाऊणशे टक्के मांजरं ५०० मीटरच्या आत मिळाली होती.

सकाळी ७
पंपाची खोली, मीटरच्या पेट्यांमागची जागा, जिन्याखालचा कोपरा. वॉचमन ‘बघितलंय’ म्हणाला तरी कुलूप उघडायला लावलं. पाणी सोडायला दार उघडतं तेवढ्यात मांजर आत शिरतं आणि कोंडलं जातं.

सकाळी ११
पोस्टर लावली. रात्री मांजरांना जेवू घालणाऱ्या मावशींना आणि मासळीवालीला फोटो दिला. आसपासच्या दवाखान्यांत आणि परळच्या पेटिट हॉस्पिटलात कळवलं. बोक्याला मायक्रोचिप होती; पण नोंदीतला मोबाइल नंबर जुना निघाला. तो आधी बदलून घेतला, नाहीतर चिप वाचूनही फोन कुणालाच गेला नसता.

दुपारी बाईंनी विचारलं, “चिपवरून फोनवर दिसेल ना तो कुठे आहे ते?” नाही दिसत. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये बॅटरीच नसते. स्कॅनर काही सेंटिमीटरवर आणला तरच ती आपला १५ आकडी क्रमांक सांगते. शोधायचं काम आपलंच.

रात्री १
वर्दळ थांबली. टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरून शेजारच्या इमारतीमागे गेलो. भंगार टाकीखाली दोन डोळे चमकले, फिस्कारणं ऐकू आलं. हात घालायला निघालेल्या बाईंना मी अडवलं; घाबरलेलं मांजर कडकडून चावतं, आणि पुन्हा पळालं तर आणखी लांब जातं. सापळ्यात भाजलेले सुके बोंबील ठेवले, वर चादर टाकली आणि दूर जाऊन बसलो.

पहाटे ४
दार पडलं. आत पिवळा बोका, मळलेला, तोंड सुजलेलं. तेवढ्यात मावशी आल्या. “हा गल्लीतला आहे, रोज माझ्याकडे जेवतो!” गल्लीतल्या नसबंदी झालेल्या मांजरांच्या कानाचं टोक कापलेलं असतं. याचा कान अखंड होता. पण गल्लीतल्या सगळ्यांचीच नसबंदी झालेली नसते, त्यामुळे त्यावरून काही ठरेना.

सकाळी १०
दवाखान्यात स्कॅनर खांद्यांच्या मधोमध फिरवला. काहीच नाही. बाईंचा चेहरा उतरला. मी डॉक्टरांना पुन्हा फिरवायला सांगितलं, या वेळी मानेपासून दोन्ही खांद्यांवरून कोपरापर्यंत, कारण चिप कातडीखाली सरकते. डाव्या खांद्याखाली ‘बीप’ झालं. लसीच्या पुस्तिकेवरच्या स्टिकरशी पंधराही आकडे जुळले. मावशींनी स्वतः ते एकेक वाचून पाहिले आणि आपला बोका शोधायला गल्लीकडे परतल्या. डॉक्टरांनी उंचावरून पडलेल्या मांजराची तपासणी सुरू केली: आधी श्वास आणि छाती, मग टाळू आणि जबडा.