स्मार्ट प्लगला हवं वेगळं वाय-फाय

नवा स्मार्ट प्लग लावला, दिवा लुकलुकतोय, पण वाय-फायला काही जोडला जात नाही. प्लग बहुधा बिघडलेला नसतो. त्यातली स्वस्त चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते. राउटर मात्र २.४ आणि ५ एकाच नावाने देतो, फोन ५ वर असतो आणि काही ॲप्स तिथेच अडतात.

राउटरच्या सेटिंगमध्ये गेस्ट नेटवर्क सुरू करा, ते फक्त २.४ वर ठेवा, वेगळं नाव द्या, सुरक्षा WPA2 निवडा. जोडणीपुरता फोनही त्यावर आणा. नंतर मूळ वाय-फायवर न्या. प्लग इंटरनेटमार्गे चालत राहतो. शिवाय प्लगमध्ये कुणी शिरलंच, तर लॅपटॉपपर्यंत पोचणं अवघड होतं. प्रिंटर मात्र गेस्टवर टाकू नका, तो फोनला बहुधा दिसणार नाही.