तक्त्यात शून्य आले तर

वाफेच्या इंजिनाचा वेग सारखा राहावा म्हणून त्याला गव्हर्नर नावाची यंत्रणा लावत. वेग वाढला की वाफ थोडी तोडायची, वेग पडला की थोडी जास्त सोडायची, एवढेच तिचे काम. पण काही गव्हर्नर हे काम नको इतक्या उत्साहाने करत. झडप गरजेपेक्षा जास्त बंद व्हायची, मग गरजेपेक्षा जास्त उघडायची, आणि इंजिनाचा वेग वरखाली हेलकावे खाऊ लागायचा.

१८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी दाखवले की हा सगळा तंटा एका समीकरणाच्या मुळांपाशी येऊन थांबतो. प्रत्येक मुळाचा वास्तव भाग ऋण असेल, तर यंत्राला बसलेला धक्का हळूहळू विरतो. एकाही मुळाचा वास्तव भाग धन निघाला, तर धक्का वाढत जातो. प्रश्न असा होता की चौथ्या-पाचव्या घाताचे समीकरण न सोडवता हे ओळखायचे कसे. त्याची सरसकट लागू पडणारी रीत केंब्रिजच्या एडवर्ड राऊथ यांनी १८७७ मध्ये दिली. हेच राऊथ १८५४ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले होते आणि मॅक्सवेल दुसरे.

रीत साधी आहे. समीकरणाचे सहगुणक एक आड एक घेऊन दोन ओळींत मांडायचे. पुढच्या ओळी तिरप्या गुणाकारांची वजाबाकी करून काढायच्या आणि प्रत्येक वेळी लगतच्या वरच्या ओळीतल्या पहिल्या आकड्याने भागायचे. तक्ता पुरा झाला की फक्त पहिला स्तंभ वरून खाली वाचायचा. त्यात जितक्या वेळा चिन्ह बदलते तितकी मुळे धन बाजूला. एकदाही बदलले नाही तर यंत्र स्थिर.

पण भागायचे ज्याने, तो पहिला आकडाच शून्य निघाला तर? शून्याने भागता येत नाही आणि तक्ता तिथेच अडतो. हे दोन तऱ्हांनी घडते.

पहिल्या तऱ्हेत ओळीचा पहिला आकडा शून्य असतो, पण पुढे काहीतरी शिल्लक असते. s⁴ + s³ + 2s² + 2s + 3 ही पदावली घ्या.

```
s⁴ :  1         2    3
s³ :  1         2
s² :  0 → ε     3
s¹ :  2 − 3/ε
s⁰ :  3
```

शून्याच्या जागी ε ही अगदी बारीक धन संख्या ठेवायची आणि गाडी पुढे हाकायची. ε जितका बारीक तितका 3/ε मोठा, म्हणून चौथ्या ओळीतला आकडा ठळक ऋण होतो. चिन्हे वाचली तर धन, धन, धन, ऋण, धन. दोन बदल, म्हणजे दोन मुळे धन बाजूला. ε ऋण धरला तरी बदल दोनच येतात, करून पाहा. ही युक्ती फसवीफसवी वाटत असेल त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. सहगुणक उलट क्रमाने, म्हणजे 3, 2, 2, 1, 1 असे लिहून नवा तक्ता मांडायचा. मुळे उलटी केली तरी त्यांची बाजू बदलत नाही. पहिला स्तंभ 3, 2, 0.5, −3, 1 येतो. पुन्हा दोनच बदल, आणि शून्य कुठेच आडवे येत नाही.

खरे सांगायचे तर यंत्र स्थिर आहे की नाही, एवढेच हवे असेल तर हा खटाटोप कशाला? स्थिर यंत्राच्या पहिल्या स्तंभात शून्य येऊच शकत नाही. असे एकटे शून्य दिसले की निदान एक मूळ धन बाजूला आहे हे तिथेच ठरले. ε लागतो तो अशी मुळे किती ते मोजायला. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात मात्र गुण त्या मोजणीलाच असतात.

दुसरी तऱ्हा माझ्या मते जास्त कामाची आहे. तिच्यात अख्खी ओळच शून्य होते. समजा एका भट्टीच्या तापमान नियंत्रकाचे गणित मांडल्यावर s³ + 6s² + 11s + 6 + K ही पदावली मिळाली. K म्हणजे नियंत्रकाचा गेन, तापमानात फरक पडला की तो किती जोराने धावून जातो त्याचे माप.

```
s³ :  1             11
s² :  6             6 + K
s¹ :  (60 − K)/6
s⁰ :  6 + K
```

गेन ५९ असेल तर तिसऱ्या ओळीत १/६ येतो आणि सगळे ठीक असते. ६१ केला तर उणे १/६ येतो, चिन्ह दोनदा बदलते आणि भट्टी हाताबाहेर जाते. बरोबर ६० वर ती ओळ शून्य होते. इथे ε कामाचा नाही. शून्य ओळीच्या वरची ओळ घ्यायची आणि तिचे समीकरण लिहायचे: 6s² + 66 = 0. याला साहाय्यक समीकरण म्हणतात, आणि त्याची मुळे मूळ पदावलीचीही मुळे असतात. इथे ती ±j√11 निघतात. दोन्हींचा वास्तव भाग शून्य आहे, म्हणून तापमानाचे हेलकावे विरतही नाहीत आणि वाढतही नाहीत. √11 म्हणजे साधारण ३.३२. वेळ सेकंदांत मोजला असेल तर एका हेलकाव्याला सुमारे १.९ सेकंद लागतील.

तक्ता पुढे न्यायचा तर साहाय्यक पदावलीचे विकलन करून मिळणारा 12s मधला 12 शून्याच्या जागी ठेवायचा. चिन्ह कुठेच बदलत नाही, म्हणजे धन बाजूला एकही मूळ नाही आणि तिसरे मूळ, −6, ऋण बाजूला आहे.

हेच दोन आकडे, काठावरचा गेन आणि हेलकाव्याचा काळ, झीगलर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या ट्यूनिंगच्या पद्धतीत लागतात. ते गेन हळूहळू वाढवत जाऊन चालू यंत्रावरच हेलकावे सुरू करत आणि घड्याळ लावून काळ मोजत. समीकरण हाताशी असेल तर शून्यांची ती ओळ दोन्ही आकडे कागदावरच देते.

मात्र शून्यांची ओळ म्हणजे दर वेळी हेलकावेच, असे धरून चालू नये. ती एवढेच सांगते की काही मुळे शून्याभोवती समोरासमोर बसली आहेत. s³ + 2s² − s − 2 मध्येही ओळ शून्य होते, पण साहाय्यक समीकरण 2s² − 2 = 0 हे +1 आणि −1 अशी मुळे देते, आणि त्यातल्या +1 मुळे यंत्र सरळ पळत सुटते. विकलन करून तक्ता पुरा केला की तळाच्या −2 पाशी चिन्हाचा एक बदल दिसतो आणि हे पकडले जाते.

पकडले न जाणारे प्रकरण वेगळेच. s⁵ + s⁴ + 2s³ + 2s² + s + 1 चा तक्ता मांडा. तिसरी ओळ शून्य येते. विकलन करून पुढे गेलात की दोन ओळींनंतर पुन्हा शून्यांची ओळ. तीही भरली तर पहिला स्तंभ वरपासून खालपर्यंत धनच राहतो, आणि घाईत वाचणारा लिहून टाकतो की हेलकावे कायम राहतील, वाढणार नाहीत. पण ही पदावली म्हणजे (s + 1)(s² + 1)². ±j ही मुळे दोन-दोनदा आली आहेत, आणि तशी आली की हेलकाव्याची उंची वेळेच्या प्रमाणात वाढत जाते. यंत्र अस्थिर आहे, फक्त सावकाश बिघडते. हे चिन्हांवरून कळत नाही, कळते ते शून्यांची ओळ दुसऱ्यांदा आल्यावरून. तेव्हा साहाय्यक पदावलीचे अवयव पाडूनच बघावे.

संगणकावर हा तक्ता काढताना उलटीच पंचाईत होते. दशांश चिन्हांच्या गणितात नेमके शून्य अनेकदा येतच नाही, त्या जागी 1e-16 सारखे काहीतरी उरते. प्रोग्राम त्याला खरा आकडा समजून भागाकार करत सुटतो, आणि त्या कचऱ्याचे चिन्ह धन निघेल की ऋण याचा नेम नसतो. म्हणून इतक्या लहान आकड्याला शून्य मानायचे की नाही, ती मर्यादा आधी सहगुणकांच्या आकाराकडे बघून ठरवावी लागते.