एका कायद्याचे दोन सारांश

माहिती अधिकार कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. कलमं अवघी ३१. तरीही तो मुळातून वाचणारे थोडे आणि ‘याचा जरा सारांश काढून दे’ असं सांगणारे पुष्कळ. हे काम बहुधा कायद्याच्या विद्यार्थ्याकडे येतं, नाहीतर एखाद्या संस्थेतल्या उत्साही कार्यकर्त्याकडे. आणि तिथेच पहिली गफलत होते, कारण सांगणाऱ्याच्या मनात एक चित्र असतं आणि लिहिणाऱ्याच्या मनात भलतंच.

समजा, गावातल्या एका गृहस्थांना रेशन दुकानाच्या साठ्याची नोंद मागायची आहे. त्यांना लागणारा सारांश चार वाक्यांत संपतो. साध्या कागदावर अर्ज करा. माहिती कशासाठी हवी, हे सांगायची गरज नाही. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. नाहीच मिळालं, किंवा मिळालेलं पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करा. बस्स. यात कलमांचे आकडे घातले तर गृहस्थ कागद घडी घालून खिशात ठेवतील आणि पुन्हा उघडणार नाहीत.

आता तोच कायदा परीक्षेसाठी वाचणाऱ्या मुलीला हे चार वाक्यांचं टिपण दिलं तर? तिच्या दृष्टीनं त्यात जवळजवळ काहीच नाही. तिला हवी असतात ती अभ्यासाची टिपणं, म्हणजे मूळ कायदा मिटून ठेवला तरी ज्यांच्यावर विसंबता येईल असं लिखाण.

फरक नेमका कुठे पडतो ते पाहायला वरचं ‘३० दिवस’ पुरेसं आहे. गृहस्थांच्या सारांशात तो एकच आकडा. टिपणांत मात्र त्याला फाटे फुटतात. मुदत मोजायची ती अर्ज पोचल्यापासून. अर्ज सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे दिला असेल तर त्यात ५ दिवस वाढतात. माहिती दुसऱ्याच कार्यालयाकडे असेल, तर ज्याच्या हाती अर्ज पडला त्या अधिकाऱ्यानं तो ५ दिवसांत तिकडे पाठवायचा असतो. कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर मुदत थेट ४८ तासांवर येते. माहिती तिसऱ्याच व्यक्तीनं विश्वासानं दिलेली असेल आणि अधिकारी ती देण्याच्या विचारात असेल, तर त्या व्यक्तीला नोटीस जाते, तिला म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात आणि निर्णयाची मुदत ४० दिवसांची होते. कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेल्या गुप्तचर व सुरक्षा संघटनांकडून मानवी हक्कांच्या उल्लंघनाची माहिती मागितली, तर ती आयोगाच्या मंजुरीनंतर द्यायची आणि मुदत ४५ दिवस. शिवाय कागदपत्रांच्या प्रतींसाठी जादा शुल्क भरायला सांगितलं, तर ते कळवल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजणीतून वगळले जातात. आणि ठरल्या मुदतीत निर्णयच दिला नाही, तर कायदा तो नकार मानतो. त्यानंतर माहिती द्यावी लागली, तर ती फुकट.

हे सगळं गृहस्थांना खोटं ठरवत नाही. त्यांच्या अर्जाला ‘३० दिवस’ चपखल बसतं. पण पोलीस कोठडीतल्या नातेवाइकाबद्दल माहिती मागणाऱ्याला तोच एक आकडा सांगितला, तर तो महिनाभर हातावर हात ठेवून बसेल. सारांशातून काय गाळलं की नुकसान होतं, हे सारांशाच्या लांबीवरून कळत नाही. ते वाचणाऱ्याच्या कामावरून कळतं.

म्हणूनच ‘किती पानं हवीत?’ हा प्रश्न फारसा उपयोगी नाही. तो आपल्या तोंडी बसलाय तो शाळा आणि परीक्षांमुळे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भाषेच्या पेपरात उतारा सुमारे एकतृतीयांश शब्दांत लिहायला सांगतात. तिथे लांबी प्रश्नातच ठरलेली. बाहेर कुणालाही पानं विचारली तर उत्तर ठरलेलं असतं, ‘थोडक्यातच दे’. चाळीस पानी टिपणं हवी असलेला माणूसही हेच म्हणतो, कारण त्याच्या मनातलं थोडक्यात हे मूळ ग्रंथाच्या मानानं थोडक्यात असतं.

त्यापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात. हे वाचून झाल्यावर पुढे काय करणार? आणि ते करताना मूळ कायदा समोर असणार का? अर्ज लिहायचा असेल तर कृतीचा क्रम पुरतो. सभेत पाच मिनिटं बोलायचं असेल तर एखादा मुद्दा आणि एखादं उदाहरण भागतं. परीक्षेत किंवा सुनावणीत उभं राहायचं असेल, कायदा हाताशी नसेल, तर कलमाचा क्रमांक, अट आणि अपवाद हे तिन्ही लागतात. माहिती अधिकाऱ्याच्या टेबलावरच्या कारकुनाला तर यातलं काहीच नको असतं. त्याला हवा असतो मुदतींचा तक्ता, भिंतीवर लावायला.

मागणारी व्यक्ती वरिष्ठ असेल तर एवढं विचारायलाही संकोच वाटतो. तिथे एक सोपा उपाय आहे. सगळा कायदा हातात घेण्याआधी एकच कलम, म्हणजे मुदतीचं सातवं, दोन्ही पद्धतींनी लिहून दाखवायचं: एकदा एका वाक्यात, एकदा अर्ध्या पानात. ‘यातलं कुठलं, मॅडम?’ असं विचारलं की उत्तर क्षणात येतं. आपल्याला काय हवंय ते माणसाला शब्दांत सांगता येत नाही, पण दोन कागद समोर ठेवले की बोट बरोबर पडतं. अर्ध्या तासाचं हे काम दोन दिवसांची मेहनत वाचवतं.

काम देऊन झाल्यावरही चूक ओळखता येते, ती वाचणाऱ्याच्या उलट प्रश्नांवरून. ‘हे कुठल्या कलमात आहे?’, ‘याला अपवाद नाही का?’ असे प्रश्न आले, तर टिपणं हवी होती आणि गोषवारा गेला. ‘मग मी आता नेमकं काय करू?’ असं विचारलं गेलं, तर उलटं झालं.

एक अडचण मात्र नीट विचारूनही उरते. गृहस्थांचा पहिला प्रश्न असतो, पैसे किती? या कायद्यात तो आकडाच नाही. कायदा फक्त ‘विहित शुल्क’ म्हणतो आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ते माफ करतो. महाराष्ट्रातले १० रुपये राज्याच्या नियमांत आहेत. अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत असावा, हेही नियमांतलंच. मूळ मजकुराशी प्रामाणिक राहून कायद्याचा सारांश काढला, तर अर्ज करणाऱ्याला सर्वात आधी लागणारी गोष्ट त्यातून सुटते. परीक्षार्थीनं उलट कायद्यातलं आणि नियमांतलं वेगळं ठेवायला हवं, नाहीतर ती उत्तरपत्रिकेत १० रुपये सहाव्या कलमाच्या नावावर घालेल.

जुनं टिपण कुणाकडून आयतं मिळालं, तर त्यावरची तारीख पाहावी. २०१९च्या दुरुस्तीआधीच्या टिपणांत माहिती आयुक्तांची मुदत ५ वर्षं लिहिलेली असते. दुरुस्तीनं ती ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला आणि त्याच वर्षीच्या नियमांनी ती ३ वर्षं झाली. गृहस्थांच्या चार वाक्यांत आयुक्तांचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे त्यांचा कागद त्या दुरुस्तीनंतरही तसाच चालला.