परदेशातल्या नातीचं नाव ठेवताना

आमच्या बचत गटात हल्ली हप्त्याचा हिशोब उरकला की दुसराच विषय निघतो. कुणाची लेक तर कुणाची सून परदेशात बाळंत होणार असते. इकडे आजीला मराठी अर्थाचं नाव हवं असतं, आणि तिकडे आईबाप म्हणतात, शाळेत बाईंना हाक तरी मारता आली पाहिजे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, म्हणून आज त्यावरच बोलू या.

आधी अडतं कुठे ते पाहू. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी ळ आणि ण बसलेले नसतात. आपला त त्यांच्याकडे ट होतो, म्हणून तारा ‘टारा’ होते. एवढं चालून जातं. भ, घ, ध यांतला हकार गळतो. थ साठी आपण टी-एच लिहितो, पण त्या अक्षरांचा त्यांच्याकडचा उच्चार वेगळा असतो, त्यामुळे अथर्व अडतो. ज्ञानदा Dnyanada असं लिहिलं, तर वाचणारा पहिल्या दोन अक्षरांवरच थबकतो.

पण आमच्या मते उच्चारापेक्षा स्पेलिंग जास्त फसवतं. अ आणि आ या दोन्हींना इंग्रजीत एकच ए. मुलाचं अमेय हे नाव Ameya लिहिलं की ‘अमेया’ वाचलं जातं आणि तिकडे ती मुलगी ठरते. म्हणून नाव नुसतं म्हणून बघू नका, लिहून दुसऱ्याला वाचायला द्या.

आमच्या गटातल्या एका काकूंच्या सुनेने तेच केलं. ती इंग्लंडमध्ये असते. मुलगी होणार की मुलगा हे माहीत नव्हतं, म्हणून दोन्ही याद्या तयार होत्या. मुलीच्या यादीत चार नावं होती: मृण्मयी, जाई, ईरा आणि ओवी. तिने चारही नावं कागदावर इंग्रजीत लिहिली आणि कामावरच्या बाईला, उच्चार न सांगता, वाचायला दिली. मृण्मयीला ती बाई हसून थांबलीच. Jai तिने ‘जय’ वाचलं. आपल्याकडचाही कुणी तसंच वाचेल, तो दोष इंग्रजांचा नाही! Ira ला ती ‘आयरा’ म्हणाली, आणि हे तर पुरुषाचं नाव, असंही तिने सांगितलं. Ovi मात्र तिने पहिल्याच फटक्यात ‘ओवी’ वाचलं.

काकूंना हे नाव आधी फार छोटं वाटलं होतं. पण त्यांच्या सासूबाई जात्यावर ओव्या म्हणायच्या. ज्ञानेश्वरीही ओवीतच आहे. ळ नाही, ण नाही, जोडाक्षर नाही, आणि अर्थ पक्का मराठी. काकू राजी झाल्या.

अर्थाचंही तपासून घ्या बरं. नावांच्या याद्यांत कुठल्याही नावापुढे ‘देवीचे एक नाव’ असं ठोकून दिलेलं असतं. मोल्सवर्थचा किंवा दाते-कर्व्यांचा शब्दकोश मोठ्या वाचनालयात मिळतो, त्यात शब्द आहे का ते बघा. आणि बोलीतला अर्थही ध्यानात घ्या. नीरा म्हणजे पाणी असं यादी सांगेल, पण आपल्या माणसांना आधी पहाटेचं ताडाचं पेय आठवेल. रेवा हे नाव तसं निर्धोक, नर्मदेचं दुसरं नाव आहे ते.

देश कोणता तेही विचारा. जर्मनीत जे चा उच्चार य होतो, म्हणून जुईची ‘युई’ होईल. शब्दाच्या सुरुवातीचा एस स्वरापुढे आला तर तो झ सारखा म्हणतात, म्हणजे सईचं आणखीच काहीतरी होईल.

आता वेळेचं. आपण बारशाची वाट बघतो, गुरुजींकडून जन्माक्षर येतं, मग नाव ठरतं. इंग्लंडमध्ये जन्मनोंदणीला ४२ दिवस मिळतात, म्हणजे बारसं आरामात होतं. अमेरिकेत मात्र बहुधा दवाखान्यातून घरी जाण्याआधीच नावाचा कागद भरून घेतात. तिथे जन्माक्षराची वाट बघत बसलात तर घाई होते. जन्माक्षराचं नाव पाळण्यापुरतं वेगळं ठेवायची रीत आपल्याकडे आहेच, तीच इथे कामाला येते.

ओवीच्या वेळी अक्षर ‘र’ आलं. काकूंनी पाळण्यात रखमा हे नाव घेतलं, सासूबाईंचं. कागदावर Ovi लिहिलं. एक ई की दोन, यावर घरात दोन दिवस वाद झाला. शेवटी आयनेच लिहायचं ठरलं, कारण वाचून घेतलेलं स्पेलिंग तेच होतं. आता तिच्या पासपोर्टवर आणि शाळेच्या अर्जातही तेच अक्षर न् अक्षर घालायचं, असं सुनेने सगळ्यांना बजावून ठेवलंय.