लव्ह : अंडं की हौस?

टीव्हीवर टेनिस लागलं की आमच्या घरात कुणी ना कुणी हमखास विचारतं, "एकही गुण नाही, तर त्याला लव्ह का म्हणतात?" आणि उत्तर द्यायला कुणीतरी तयारच असतं. फ्रेंचमध्ये अंड्याला 'लफ' म्हणतात, शून्य अंड्यासारखं दिसतं, इंग्रजांनी तो उच्चार बिघडवला आणि लफचं लव्ह झालं.

ही गोष्ट आपल्याला लगेच पटते, कारण आपणही तसंच बोलतो. शून्यावर बाद झालेल्या फलंदाजाला भोपळा फोडता आला नाही, असं आपण म्हणतो. क्रिकेटमधलं 'डक'सुद्धा मुळात बदकाचं अंडंच. पण टेनिसच्या बाबतीत ही गोष्ट मला टिकणारी वाटत नाही. फ्रेंच लोक गुण सांगताना अंडं म्हणत होते, असा पुरावाच नाही. ते आजही सरळ 'झेरो' म्हणतात. ज्यांचा शब्द, त्यांनीच तो वापरलेला नाही.

खरं मूळ इंग्रजीतच असावं. पैज न लावता, नुसत्या हौसेखातर पत्ते खेळणं याला इंग्रजीत 'प्रेमासाठी खेळणं' म्हणत. म्हणजे हातात पैसा पडणार नाही, खेळ आवडतो म्हणून बसलोय. त्यावरून 'लव्ह' म्हणजे 'काही नाही' असा अर्थ रुळला. एडमंड हॉइल याच्या 1742 सालच्या व्हिस्टवरील पुस्तकात, म्हणजे पत्त्यांच्या खेळात, हा शब्द शून्य गुणांसाठी आलेला आहे. हिरवळीवरचं टेनिस जन्माला यायला तेव्हा सव्वाशेहून अधिक वर्षं अवकाश होता. पंच बॅडमिंटनमध्ये 'लव्ह ऑल' पुकारतात, तेही हेच लव्ह.

बाकीचे शब्द मात्र खरोखर फ्रान्सचे. तिथे भिंतींच्या आत, आधी तळहाताने आणि मग रॅकेटने, 'ज्य द पोम' नावाचा खेळ चाले. पोम म्हणजे तळहात. त्यात गुण पंधरा-पंधराने वाढत : 15, 30, 45 आणि साठाला डाव संपला. हा हिशेब किती जुना, त्याचा एक सुंदर दाखला आहे. 1415 साली अ‍ॅजिंकूरच्या लढाईत पकडला गेलेला शार्ल द ऑर्लेआं हा फ्रेंच राजघराण्यातला कवी पंचवीस वर्षं इंग्लंडमध्ये कैदेत होता. वयाची पंचेचाळिशी आली तेव्हा त्याने कवितेत लिहिलं की, म्हातारपणाबरोबर पोम खेळता खेळता माझे आता पंचेचाळीस झाले. हे वाचणाऱ्याला पंचेचाळीस म्हणजे डावाचं शेवटचं टोक, हे सांगावं लागत नव्हतं. पुढे बोलण्याच्या घाईत पंचेचाळीसमधले पाच गळाले आणि चाळीस उरले, असं मानतात. घड्याळाच्या काट्याने गुण मोजत, ही कथाही लोकप्रिय आहे. पण त्या काळच्या घड्याळांना बहुधा मिनिटकाटाच नसे.

आता ड्यूस. दोघेही पंचेचाळीसवर आले की अडचण उभी राहते, कारण पुढचा एकच गुण कुणालाही साठावर नेईल आणि चुरशीचा डाव एका फटक्यात, कदाचित एका नशिबाच्या उसळीवर संपेल. म्हणून नियम झाला की इथून पुढे सलग दोन गुण मिळवावेत. फ्रेंचमध्ये म्हणत, 'आ द', म्हणजे दोनाचं अंतर. 'दोन'चं जुनं फ्रेंच रूप 'देउस' इंग्रजांच्या तोंडी ड्यूस झालं. पत्त्यांतल्या दुर्रीलाही इंग्रजीत ड्यूसच म्हणतात. आपण ड्यूसचा अर्थ 'बरोबरी' असा घेतो. मुळात त्या शब्दात बरोबरी नव्हती, अजून दोन हवेत हा इशारा होता.

त्या दोनांतला पहिला गुण मिळाला की अ‍ॅडव्हांटेज. फ्रेंच 'आव्हां' म्हणजे पुढे, त्यावरून 'आव्हांताज', म्हणजे पुढे असणं. त्यात 'ड' नव्हताच. लॅटिनमधल्या 'अ‍ॅड' या उपसर्गाशी नातं असेल, अशा चुकीच्या समजुतीने इंग्रजांनी तो मागाहून घातला. अ‍ॅडव्हांटेजचा अर्थ फक्त इतकाच : हा एक पाऊल पुढे आहे, अजून जिंकलेला नाही. पुढचा गुण गमावला तर पाऊल मागे, पुन्हा दोन हवेत.

1877 साली पहिली विम्बल्डन स्पर्धा भरली तेव्हा आयोजकांनी हीच जुनी मोजणी घेतली. त्याआधी हिरवळीवरच्या खेळात एक, दोन, तीन असं पंधरापर्यंत साधं मोजण्याचीही पद्धत होती. ती मागे पडली.

आज व्यावसायिक पुरुष दुहेरीच्या बहुतेक स्पर्धांत वेळ वाचवण्यासाठी चाळीस-चाळीसनंतर एकाच गुणावर डाव संपतो. अ‍ॅडव्हांटेज तिथे उरलेलंच नाही. तरीही पंच पुकारतात, "ड्यूस, डिसायडिंग पॉइंट." दोन म्हणून एकाच गुणाकडे बोट दाखवलं जातं आणि सर्व्हिस परतवणारी जोडी ठरवते, चेंडू कोणी घ्यायचा.