पाडळसऱ्याचे धरण आणि राज्याचे ऋण

अमळनेर तालुक्यात तापीच्या पात्रावर पाडळसरे येथे जे धरण उभे राहते आहे, त्याला 1997 साली प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा त्याची अंदाजित किंमत सुमारे 142 कोटी रुपये होती, आणि 2023 च्या अखेरीस ज्या सुधारित किमतीला मंजुरी मिळाली ती सुमारे 4,890 कोटी रुपयांची होती. या वाढीत महागाई आहे, बदललेला आराखडा आहे, वाढीव भूसंपादन आहे; परंतु केवळ अंकगणित मांडले तरी दरसाल साडेचौदा टक्क्यांच्या गतीने वाढलेली ही रक्कम आहे, आणि तितक्या वेगाने या काळात राज्याचे उत्पन्नही वाढत आलेले नाही. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना या विलंबाची झळ पाण्याच्या रूपाने कळते. ती राज्याच्या ऋणाच्या हिशेबात कोणत्या रूपाने उतरते, हे मात्र फार थोड्यांनी तपासले आहे.

धरणाला मान्यता मिळाली त्याच सुमारास जळगाव येथे तापी पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले. खजिन्यातून वर्षानुवर्षे थोडा थोडा पैसा देण्याऐवजी महामंडळांनी रोख्यांद्वारे खुल्या बाजारातून भांडवल उभारावे, धरणे त्वरेने पूर्ण व्हावीत आणि पाण्याने वाढलेल्या उत्पन्नातून ऋण फिटावे, असा या कल्पनेमागील विचार होता. विचार चुकीचा नव्हता. त्या काळी राज्याला स्वतःच्या नावावर बाजारातून कर्ज उचलावयाचे झाल्यास बारा-तेरा टक्के व्याज पडत असे, म्हणजे भांडवल गुंतले की व्याजाचे चक्र त्या दिवसापासून फिरू लागे. पाणी मात्र दाराशी आल्यावाचून एकही एकर भिजत नाही. ऋणाच्या शास्त्रातील सारा पेच या दोन वेळांमधील अंतरात आहे.

राज्याच्या डोक्यावरील कर्ज किती हजार कोटी, हा आकडा एकट्याने फारसे काही सांगत नाही, कारण कर्ज फेडावयाचे ते उत्पन्नातून. म्हणून अर्थशास्त्रज्ञ कर्जाला राज्याच्या स्थूल उत्पन्नाने भागून त्याचे प्रमाण पाहतात. हे प्रमाण एका वर्षातून दुसऱ्या वर्षात कसे जाते, ते तीन गोष्टींवर ठरते. जुन्या कर्जावर व्याज चढते, त्यामुळे अंश वाढतो. उत्पन्न महागाईसह वाढते, त्यामुळे छेद वाढतो. आणि व्याज वगळून उरलेल्या खर्चाला महसूल पुरला नाही तर ती तूट नव्या कर्जाने भरावी लागते. या शेवटच्या गोष्टीला प्राथमिक तूट म्हणतात. गेल्या वर्षीचे प्रमाण घ्यावे, त्याला एक अधिक व्याजदर याने गुणावे, एक अधिक वाढीचा दर याने भागावे आणि त्यात प्राथमिक तुटीचे उत्पन्नाशी असलेले प्रमाण मिळवावे, की नवे प्रमाण हाती येते.

महाराष्ट्राचेच आकडे घेऊन हे करून पाहू. 2025-26 च्या अर्थसंकल्पानुसार त्याच्या आदल्या वर्षाअखेरीचे कर्ज सुमारे 8.39 लाख कोटी आणि उत्पन्न सुमारे 45.3 लाख कोटी, म्हणजे प्रमाण साडेअठरा टक्के. नव्या वर्षाचे व्याज सुमारे 65 हजार कोटी धरले, तर सरासरी दर पावणेआठ टक्क्यांच्या आसपास पडतो. आणि उत्पन्न 49.4 लाख कोटींवर जाईल असे गृहीत धरले असल्याने वाढ नऊ टक्क्यांची. व्याज आणि वाढ यांच्या झटापटीत, सरकारने व्याजाशिवाय एक रुपयाही उसना घेतला नाही तर, साडेअठराचे प्रमाण सुमारे 18.3 वर उतरते. वाढीने दिलेली ही सवलत उत्पन्नाच्या केवळ पाव टक्क्याएवढी आहे. इतकीच प्राथमिक तूट सोसली तर प्रमाण जागचे हलणार नाही. अधिक झाली की ते चढू लागेल.

त्या अर्थसंकल्पातील एकूण राजकोषीय तूट सुमारे 1.36 लाख कोटींची होती. तीतून व्याज वजा केले की प्राथमिक तूट 71 हजार कोटींच्या घरात, म्हणजे उत्पन्नाच्या दीड टक्क्याला किंचित कमी, येते. सूत्रानुसार वर्षाअखेर प्रमाण पावणेवीसच्या जवळ जावयास हवे. अर्थसंकल्पात ते 18.87 टक्के दाखविले आहे. या फरकाकडे वाचकाने लक्ष द्यावे. कर्जाची दाखविलेली वाढ सुमारे 93 हजार कोटींची आहे आणि तूट तिच्याहून कितीतरी मोठी. अशी तफावत सामान्यतः ठेवींतून, रोकड शिल्लकीतून किंवा कर्जाच्या व्याख्येत न धरलेल्या रकमांतून भरली जाते. म्हणून केवळ प्रमाण पाहून समाधान मानू नये, तुटीचा आकडा त्याच्या शेजारी ठेवून पाहावा.

हीच तूट, हेच दर आणि हीच वाढ कायम राहिली तर दहा वर्षांत प्रमाण तिशीला पोहोचेल. वाढ नऊवरून पावणेसात टक्क्यांवर घसरली तर सवलत नाहीशी होऊन व्याज स्वतःच प्रमाण वाढवू लागेल, मग सरकारने नवी योजना काढली नाही तरीही. याचे उलट उदाहरणही आपल्या राज्यानेच पाहिले आहे: 2004-05 च्या सुमारास पंचवीस टक्क्यांच्या आसपास असलेले प्रमाण पुढील दशकभरात सोळा-सतरावर आले, आणि त्या काळात कर्जाची रक्कम मात्र दरसाल वाढतच होती. कर्ज फेडले गेले नव्हते; उत्पन्न व्याजाहून वेगाने वाढले होते. महागाईसह मोजलेल्या उत्पन्नाची ती वाढ होती, आणि महागाई उतरली की ती तशी राहत नाही, हे विसरता कामा नये.

आता प्राथमिक तुटीत काय भरले आहे ते पाहू. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा पूर्ण वर्षाचा खर्च प्रारंभी 46 हजार कोटी धरला होता. तो राज्याच्या उत्पन्नाच्या सुमारे एक टक्क्याएवढा होतो, आणि वाढीने दिलेली सवलत पाव टक्क्याची. गरीब घरातील स्त्रीच्या हाती दरमहा दीड हजार रुपये पडणे ही क्षुल्लक गोष्ट नाही, आणि त्या खर्चाला केवळ उधळपट्टी म्हणणारे मला पटत नाहीत. परंतु तो कराच्या वसुलीतून झाला तर एक गोष्ट आणि उसन्या पैशातून झाला तर दुसरी, एवढे तरी स्पष्ट बोलले गेले पाहिजे.

पाडळसऱ्यासारखा खर्च तर या दोहोंपेक्षा वेगळा. तो अंशात आजच जातो, छेदात मात्र धरण भरल्यावर, कालवे वा उपसा नळ्या शेतापर्यंत पोहोचल्यावर आणि कापसाच्या जागी दुसरे पीक उभे राहिल्यावर. तोपर्यंत गुंतलेल्या शंभर रुपयांवरील व्याजही उसने घेऊनच भरले, तर नऊ टक्क्यांनी पंचवीस वर्षांत त्याचे सुमारे 860 रुपये होतात. खान्देशातील जुन्या सावकारीत दामदुपटीचा नियम होता, थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक एकावेळी वसूल करता येत नसे. राज्याच्या रोख्यांना असा आडवा येणारा नियम नाही. त्यामुळे अपुऱ्या निधीवर रखडलेली दहा धरणे ही एका पूर्ण धरणाहून ऋणाच्या दृष्टीने अधिक घातक ठरतात, जरी त्या दहांवरचा एकूण खर्च तेवढाच असला तरी. धुळे जिल्ह्यातील सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजना, जिचे भूमिपूजन 2019 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले, हिच्याबाबतही हाच विचार लागू आहे.

मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा आपल्या आमदाराला किती कोटींची तरतूद मिळाली, एवढेच न विचारता, व्याज वगळून तूट किती, जुन्या कर्जावर सरासरी दर कोणता, आणि तापीवरील अपुऱ्या कामांपैकी कोणते कोणत्या वर्षी पूर्ण होणार, हे तीन प्रश्न जळगाव-धुळ्याच्या वाचकांनी लेखी विचारावेत.