इमारतीच्या पोटात (भाग ७) : टाकीतली मिनिटे आणि जॉकी पंपाची हजेरी

१ नोव्हेंबर २०२२ च्या सकाळी पुण्यात लुल्लानगर चौकातल्या एका व्यापारी इमारतीत सातव्या मजल्यावरच्या रेस्टॉरंटला आग लागली. खाली रस्त्यावरची गर्दी वर बघत होती आणि धुराचे लोट कोंढव्याकडून येणाऱ्यांना लांबूनच दिसत होते. एवढ्या उंचीवर आग लागली की बंब इमारतीच्या दारात पोहोचल्यानेच सगळे भागत नाही. एका बंबात साधारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी मावते. ते पाणी सात मजले चढवायचे आणि वर नळीच्या तोंडाशी जोर शिल्लक ठेवायचा, हे काम बंब येण्याआधीच सुरू व्हायला हवे असते. ते करायचे असते इमारतीने स्वतः, आपल्या तळघरातल्या टाकीतून आणि पंपघरातून.

आधी टाकी बघू. राष्ट्रीय इमारत संहितेत, म्हणजे एनबीसीत, इमारतीचा वापर आणि उंची पाहून टाकीचे किमान आकारमान ठरवून दिलेले आहे. मध्यम उंचीच्या कार्यालयी इमारतींसाठी लागणारी क्षमता लाखाच्या आसपासच्या लिटरांत मोजली जाते. आकडा मोठा वाटतो. पण आगीच्या वेळी लिटर मोजून उपयोग नसतो, मिनिटे मोजावी लागतात. अशा इमारतींत मुख्य पंप बहुधा मिनिटाला २,२८० लिटरचा असतो. तो पूर्ण क्षमतेने चालला तर बंबभर पाणी दोन मिनिटांत संपेल आणि एक लाख लिटर पाऊण तासही पुरणार नाही.

आता एक टाकी प्रत्यक्ष मोजून पाहू. समजा, बाणेरकडच्या एका दहा मजली कार्यालयी इमारतीच्या नकाशावर फायर टँक १० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल दाखवला आहे. गुणाकार केला की १८० घनमीटर, म्हणजे १ लाख ८० हजार लिटर. पंप पूर्ण जोरात चालवला तर ७९ मिनिटे. नकाशावर हाच आकडा लिहिला जातो आणि पुढे वर्षानुवर्षे तोच बोलला जातो.

टाकीत उतरून पाहिले तर चित्र बदलते. वरची ३० सेंटिमीटर जागा रिकामी असते, कारण पाणी भरणारा पाइप आणि ओव्हरफ्लो तिथे आहेत. तळाची ४० सेंटिमीटर पाण्याची पातळीही पंपाला वापरता येत नाही. सक्शन पाइपाचे तोंड पाण्यात पुरेसे बुडालेले नसले की पाण्यात भोवरा पडतो, पंप हवा ओढू लागतो आणि दाब एकदम कोसळतो. म्हणून भोवरा मोडणारी पाटी बसवतात किंवा सक्शनसाठी तळाला खोल खड्डा ठेवतात, तरी काही पाणी मागे राहतेच. या टाकीत वापरण्याजोगी खोली उरली २.३ मीटर. ६० चौरस मीटर गुणिले २.३ म्हणजे १ लाख ३८ हजार लिटर. एकोणऐंशी मिनिटांचा एक तास झाला. यापुढे पातळी १० सेंटिमीटर खाली गेली की आणखी ६ हजार लिटर, म्हणजे अडीच मिनिटांहून थोडे जास्त, कमी होतात.

ती पातळी खाली जाते कशी? पुण्यात एखाद्या गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद असते, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, आणि शेजारीच पाण्याने भरलेला फायर टँक असतो. कुणीतरी त्यात सबमर्सिबल सोडतो. ‘उद्या भरू’ असे म्हणून उपसलेले पाणी उद्या भरले जातेच असे नाही. म्हणून चांगल्या रचनेत बाहेरून येणारे पाणी आधी फायर टँकमध्ये पडते, तो भरल्यावर ओव्हरफ्लो होऊन वापराच्या टाकीत जाते, आणि वापराच्या पंपाचे सक्शन फायर टँकपर्यंत पोहोचतच नाही. पाणी साचून खराबही होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे टाकीचे दोन कप्पे. एक कप्पा धुवायला काढला तरी दुसऱ्यात पाणी असते. दोन्ही कप्पे एकाच दिवशी रिकामे करणाऱ्या सफाई ठेकेदाराला त्याच क्षणी थांबवायला हवे, मग त्याला कितीही घाई असो.

पाणी पुरेसे असले तरी ते वर पोहोचायला दाब लागतो. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब खर्ची पडतो. पंपघरातली माणसे ‘किलो’ म्हणतात ते चौरस सेंटिमीटरमागचे किलोग्रॅम. सर्वात वरच्या हायड्रंटवर साडेतीन किलो मिळायला हवेत. इमारत ३० मीटर उंच असेल तर चढाईचे तीन, वरचे साडेतीन आणि पाइप, वळणे, व्हॉल्व्ह यांतल्या घर्षणाचा अर्धा-एक किलो धरला की खाली सात-साडेसात किलो लागतात. पाणी मुबलक आणि दाब अपुरा, अशा स्थितीत काय होते ते अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने २३ फेब्रुवारी १९९१ रोजी पाहिले. वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली कार्यालयी इमारतीत बाविसाव्या मजल्यावर आग लागली. उभ्या पाइपावरचे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीच्या दाबावर लावलेले होते, त्यामुळे जवानांच्या नळ्यांतून पाण्याचा जोरदार झोत निघेना. तीन जवान गेले, आठ मजले जळाले. आग थांबली ती तिसाव्या मजल्यावर, तिथे उघडलेल्या दहा स्प्रिंकलरांपाशी.

असा दाब पाइपात चोवीस तास राखून ठेवायचा कसा? २,२८० लिटरचा पंप सतत चालवता येत नाही. बंद पाइपात फिरून पाणी तापेल, पंप खराब होईल, वीजबिलाचे तर बोलायलाच नको. पण इमारतीतल्या शेकडो मीटर पाइपात कुठे ना कुठे थेंबभर गळती असतेच, आणि पाणी दाबले जात नसल्याने थोडेसे पाणी गेले तरी दाब झपाट्याने उतरतो. त्यासाठी मुख्य पंपांच्या ओळीत एक छोटा पंप असतो, मिनिटाला १८० लिटरचा. तोच जॉकी. गळालेले भरून काढायचे आणि दाब जागेवर आणायचा, एवढेच त्याचे काम. आग विझवणे त्याचे काम नाही.

आपल्या बाणेरच्या इमारतीत प्रेशर स्विच असे लावले आहेत असे समजू : दाब सात किलोवर आला की जॉकी सुरू, आठ झाला की आपोआप बंद. सहावर आला की मुख्य विजेचा पंप सुरू. वीज गेली असेल किंवा तो पंप उठलाच नाही तर पाचवर डिझेल पंप. मुख्य पंप एकदा सुरू झाला की तो माणसाने जाऊनच बंद करायचा, कारण आग चालू असताना दाब भरला म्हणून पंप स्वतःहून थांबला तर अनर्थ होईल. कुणी वरच्या मजल्यावर हायड्रंट उघडला की क्षणात दाब सात, सहा असा घसरतो. जॉकीला तो झेपत नाही आणि मुख्य पंप उठतो. कुणी बटण दाबायची गरज पडत नाही.

इथे एक बारकावा आहे, आणि तो फार कमी ठिकाणी तपासला जातो. नेहमीच्या स्प्रिंकलरमधून एक किलो दाबाला मिनिटाला ८० लिटर पाणी पडते. दाब चौपट झाला की पाणी दुप्पट होते. पंपघरात सात किलो असतील तर ३० मीटर वर चार उरतात, म्हणजे तिथल्या एका स्प्रिंकलरमधून सुमारे १६० लिटर. जॉकी देतो १८०. म्हणजे वरच्या मजल्यावर खरोखरची आग लागून एक स्प्रिंकलर फुटला, तर जॉकी एकटाच त्याला पाणी पुरवत राहू शकतो आणि मुख्य पंप सुरूच होत नाही. दुसरा स्प्रिंकलर फुटला की मागणी ३२० वर जाते आणि मग मुख्य पंप येतो. पाणी पडते आहे, त्यामुळे हे संकट नाही. पण पंप वाजला नाही म्हणजे आग नाही, असे सुरक्षारक्षकाने समजू नये. त्यासाठी त्या मजल्यावरचा फ्लो स्विच आणि त्याची घंटा चालू हवी. आणि जॉकी ‘जरा मोठा बसवू’ हा विचार तर सोडूनच द्यावा. मोठा जॉकी आग झाकून ठेवेल.

जॉकी किती वेळा सुरू होतो, यावरून सगळ्या पाइपांची तब्येत कळते. दिवसातून मोजक्या वेळा उठत असेल तर ठीक. दर पाच मिनिटांनी उठत असेल तर कुठेतरी पाणी जाते आहे. सेकंदासेकंदाला चालू-बंद होत असेल तर गळतीपेक्षा एअर व्हेसलकडे आधी बघावे. या उभ्या बंद भांड्यातली हवा गादीसारखी दाब सांभाळते. हवा निघून भांडे पाण्याने भरले की काटा एका थेंबालाही उड्या मारतो.

गळती शोधायची पद्धत सोपी आहे. आधी कंट्रोल रूमला कळवून तिन्ही पंपांच्या डिलिव्हरीचे व्हॉल्व्ह बंद करायचे आणि हेडरवरचा गेज पाहायचा. काटा आता स्थिर राहिला, तर पाणी बाहेर कुठेही जात नव्हते. एखाद्या पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि पाणी मागे टाकीतच परतते आहे. व्हॉल्व्ह एकेक करून उघडले की दोषी सापडतो. काटा तरीही उतरत राहिला तर गळती पुढे आहे : हायड्रंटची ग्लँड, जमिनीखालचा जोड, किंवा टेस्ट लाइनचा नीट बंद न केलेला व्हॉल्व्ह. तपासणी संपली की तिन्ही व्हॉल्व्ह पुन्हा पूर्ण उघडून त्याची नोंद करायची. बंद राहिलेला एक व्हॉल्व्ह अख्खा पंप निकामी करतो.

हे शोधले नाही तर यंत्रणा कशी मरते, तो क्रम ठरलेला आहे. ग्लँड गळते, जॉकी सारखा वाजतो. आवाजाला कंटाळून कुणीतरी त्याचा सिलेक्टर ‘ऑटो’वरून ‘ऑफ’वर नेतो. आता दाब सहापर्यंत उतरतो आणि रात्री दोन वाजता, आग नसताना, मुख्य पंप गर्जत सुरू होतो. रक्षक धावत येऊन तो बंद करतो. दोनदा तसे झाले की तोही ‘मॅन्युअल’वर जातो, आणि पाचवर उठणाऱ्या डिझेल पंपाचेही तेच होते. काही दिवसांनी गेजचा काटा शून्यावर येतो. टाकी मात्र काठोकाठ भरलेली असते आणि पाहणाऱ्याला सगळे व्यवस्थित वाटते. पन्नास-शंभर रुपयांच्या ग्लँड पॅकिंगपासून हे सुरू झालेले असते.

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ‘ब’, अग्निशमन अधिकाऱ्यांना द्यायचे असते. तपासनीस आला की सोसायटीच्या किंवा कंपनीच्या माणसाने त्याच्यासोबत पंपघरात उभे राहावे आणि तीन गोष्टी समोर करून घ्याव्यात. सिलेक्टर ‘ऑटो’वर ठेवून टेस्ट लाइन हळूहळू उघडायची आणि जॉकी, मुख्य पंप, डिझेल पंप कोणत्या दाबाला उठतात ते लिहायचे. डिझेलचा आकडा घेताना विजेचा पंप तेवढ्यापुरता बंद ठेवावा लागतो, आणि लगेच पुन्हा ‘ऑटो’वर आणावा लागतो. मग सर्वात वरच्या मजल्यावर हायड्रंटला गेज लावून पाणी वाहत असतानाचा दाब मोजायचा, बंद व्हॉल्व्हवरचा नव्हे. तिसरे, टाकीत मोजपट्टी सोडून वापरण्याजोगे पाणी किती लिटर आहे ते काढायचे आणि त्याला पंपाच्या क्षमतेने भागून आलेली मिनिटे पंपघराच्या भिंतीवर रंगवून ठेवायची.

पुढच्या आठवड्यात : वीज गेल्यावर उठणारा डिझेल पंप, त्याची बॅटरी आणि त्याची इंधनटाकी.